फोटोतली कारागिरी : गुडघ्याखालचा गाऊन

मागच्या आठवड्यात फोटोतली नको असलेली माणसं काढण्याबद्दल लिहिलं होतं. या वेळचं काम उलटं आहे. फोटोत जे आलंच नाही ते भरायचं. रिसेप्शनला नवरी लाँग ट्रेलचा गाऊन घालते, काढणाऱ्याचं सगळं लक्ष चेहऱ्याकडे असतं आणि फोटो गुडघ्यावर तुटतो. घेर नाही, जमिनीवर पसरलेली ट्रेल नाही. स्टुडिओवाल्याला फर्माईश येते, "खालचं तेवढं वाढवून द्या."

किल्लारीतल्या एखाद्या कार्यालयात शहाबादी फरशीवर काढलेला असा एक फोटो समजा. फोन सरळ धरलेला, जमिनीपासून 120 सेंटिमीटरवर, नवरी 4 मीटर अंतरावर. फोटो 3000 बाय 4000 पिक्सेलचा. डोक्यापासून गुडघ्यापर्यंतच्या साधारण 115 सेंटिमीटरनं त्यातले 3450 पिक्सेल व्यापलेत, म्हणजे एका सेंटिमीटरला 30 पिक्सेल. मोजायची पट्टी हाती आली.

गुडघा ते जमीन 45 सेंटिमीटर, म्हणजे 1350 पिक्सेल. बहुतेक जण इथेच थांबतात आणि गाऊन हवेत कापल्यासारखा दिसतो. घेराची खालची कड म्हणजे जमिनीवरचं एक वर्तुळ. ते समोरून बघताना लंबगोल दिसतं. घेराचा व्यास 160 सेंटिमीटर असेल, तर तो लंबगोल 4800 पिक्सेल रुंद होतो, मूळ फोटोपेक्षा रुंद! उंचीत त्याचा पुढचा भाग पायाखाली 900 पिक्सेल उतरतो, मागचा फक्त 600 वर जातो, कारण पुढची कड कॅमेऱ्याच्या जवळ असते. म्हणून खाली 1350 अधिक 900, आणि थोडी मोकळी फरशी धरून 2600 पिक्सेल वाढवायचे. उजवीकडे घेरासाठी आणि मोकळ्या जागेसाठी 1200. डावीकडे ट्रेल घेरापासून दीड मीटर गेली असेल, तर तिचेच 4500 पिक्सेल, शिवाय घेराचे व मोकळ्या जागेचे मिळून 5700. उभा फोटो 9900 बाय 6600 चा आडवा झाला.

फोटोशॉपमध्ये Image > Canvas Size मध्ये हे आकडे टाकता येतात किंवा Crop चे कोपरे बाहेर ओढून Generative Expand निवडता येतं. एकाच दमात एवढी जागा भरायला देऊ नका. या सोयीच्या सुरुवातीच्या आवृत्त्या एका वेळी साधारण 1024 पिक्सेलचंच चित्र बनवून ते ताणत असत, त्यामुळे वर चेहरा सुस्पष्ट आणि खाली कापड लोण्यासारखं मऊ, असा फोटो निघे. फोटो आधी एक तृतीयांश करून घ्यावा. तयार फोटो 3300 बाय 2200 चा होतो आणि 12 बाय 8 इंचांच्या प्रिंटला तेवढं पुरतं. मग तुकड्या-तुकड्यानं भरावं, दर वेळी जुन्या भागाची एक पट्टी निवडीत घेऊन. आधी खाली घेर, तो जमला की ट्रेल.

जमलं की नाही, हे फरशी सांगते. गाऊनमागे दिसणारे दगडांचे सांधे सरळ रेषेत खाली ओढून बघा. नव्या भागातले सांधे त्याच रेषांवर यायला हवेत. नेटचं कापड विरळ असेल तर सांधे ट्रेलखालूनही पुसट दिसायला हवेत. दुसरी खूण चुण्यांची. कमरेतून निघालेली चुणी खाली येताना रुंदावते आणि कापड जमिनीला टेकतं तिथे दिशा बदलते. बनावट घेरात ती तशीच सरळ पुढे जाते, जणू खाली जमीनच नाही. तिसरी खूण म्हणजे कडेखालची बारीक, गडद सावली. ती नसेल तर नवरी तरंगते. हाताने मऊ ब्रशनं ती भरता येते, पण उजेड कुठल्या बाजूनं आलाय हे आधी चेहऱ्यावर बघा.

कापड मात्र कोणतंही सॉफ्टवेअर आठवून आणत नाही, अंदाजानं रचतं. लेसची रुंदी मध्येच बदलते, खड्यांची नक्षी वितळल्यासारखी होते. त्यामुळे माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो : त्याच संध्याकाळचा दुसरा फोटो आहे का? मागच्या रांगेतल्या पाहुण्यानं काढलेल्या साध्या फोटोतही ट्रेल पूर्ण असू शकते. तोच तुकडा आणून बसवला तर लेस खरी राहते, आणि आपल्याला फक्त फरशी जुळवायची उरते.

घरच्या अल्बमपुरतं रचलेलं कापड चालेल. गाऊन भाड्यानं देणाऱ्या दुकानाच्या जाहिरातीला ते चालणार नाही. दीड मीटरची ट्रेल तीन मीटरची दाखवणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे आणि असं काम घेऊ नये.