मुलाखतीत चूक दाखवणाऱ्यांना दोन पत्रं

समजा, तुमची मुलगी शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखतीला गेली. सहावीच्या वर्गावर तिनं अपूर्णांकांचा पाठ घेतला. नंतर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "प्रश्न तुम्ही विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. मुलांना विचार करायला वेळच मिळत नाही." अशा वेळी तिनं त्यांना दोन पत्रं लिहावीत.

पहिलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. नुसतं "मार्गदर्शनाबद्दल आभार" पुरेसं नाही. "उत्तर मीच देऊन टाकते, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत, म्हणून माझ्या लक्षात आलं. आभारी आहे," असं नेमकं लिहावं. "पाठाला वेळ कमी होता" अशी सबब जोडली, की आभार बाजूला राहतात आणि वाद सुरू होतो.

दुसरं पत्र महिना-दीड महिन्यानं, पण निवडीचा निकाल लागल्यावरच. आधी पाठवलं तर दबाव वाटतो. "खूप सुधारणा झाली" यातून काहीच कळत नाही, म्हणून मोजून लिहावं:

"मॅडम, प्रश्न विचारल्यावर मी आता मनात पाचपर्यंत अंक मोजते. शिकवणीतले माझे पाठ मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकले. पहिल्या पाठात १२ पैकी ९ उत्तरं मीच दिली होती, परवाच्या पाठात ३. चुकीचं उत्तर आलं की मात्र अजून घाई होते."

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळेच आधीचे आकडे खरे वाटतात. या पत्रात नोकरीची विचारणा नको, आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा आठवणही करू नये.