चक्राकार हरवणारे फासे

राम श्यामपेक्षा उंच आणि श्याम गणपतपेक्षा उंच असेल, तर राम गणपतपेक्षा उंच असणारच. त्यासाठी दोघांना शेजारी उभे करावे लागत नाही. उंची, वजन, वय या सगळ्यांना हा नियम लागू पडतो. फाशांना मात्र तो दर वेळी लागू पडत नाही. पहिला फासा दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला हरवतो आणि तिसरा उलटून पहिल्यालाच हरवतो, असे तीन फासे बनवता येतात. गणितात त्यांना असंक्रामक फासे म्हणतात. ‘हरवतो’ याचा अर्थ इथे एवढाच, की दोन्ही फासे एकदाच टाकले तर मोठे दान त्या फाशावर पडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते.

असे फासे घरीही बनतात. सहा बाजूंचे तीन कोरे ठोकळे घ्यावेत आणि प्रत्येक आकडा समोरासमोरच्या दोन बाजूंवर लिहावा. लाल फाशावर २, ४, ९. निळ्यावर १, ६, ८. हिरव्यावर ३, ५, ७. प्रत्येक फाशाच्या तीन आकड्यांची बेरीज १५, म्हणजे तिघांचीही सरासरी ५. बेरीज पाहणाऱ्याला यात कोणी कोणापेक्षा वरचढ दिसणार नाही.

आता लाल आणि निळ्याची गाठ घालून मोजणी करू. प्रत्येक फाशावर तीनच वेगळे आकडे आहेत आणि प्रत्येक आकडा सारख्याच वेळा आहे. त्यामुळे ३६ जोड्या मोजण्याची गरज नाही, ९ पुरतात. लाल फाशावर २ पडले, तर ते निळ्याच्या फक्त १ ला हरवते: एक विजय. ४ पडले तरी तेच, ६ आणि ८ पुढे ते टिकत नाही: आणखी एक. ९ पडले, तर निळ्यावर काहीही असो, लाल जिंकतो: तीन विजय. एकूण ९ पैकी ५. बरोबरी होतच नाही, कारण १ ते ९ मधला प्रत्येक आकडा एकाच फाशावर आहे.

निळा विरुद्ध हिरवा. निळ्याचा १ कोणालाच हरवत नाही. ६ हा ३ आणि ५ ला हरवतो, ८ तिन्ही आकड्यांना. पुन्हा ५. एवढ्यावर हिरवा सगळ्यांत दुबळा ठरायला हवा. पण हिरवा आणि लाल यांची जोडी मोजली, की ३ हा २ ला हरवतो, ५ हा २ आणि ४ ला, ७ हाही २ आणि ४ ला. इथेही ९ पैकी ५. चक्र पुरे झाले.

सरासरी सारखी असताना हे कसे जमते, याचे उत्तर विजयाच्या फरकात आहे. लाल विरुद्ध निळा या सामन्यात लालचे पाच विजय १, ३, ८, ३ आणि १ अशा फरकांनी होतात, बेरीज १६. त्याचे चार पराभव ४, ६, २ आणि ४ अशा फरकांनी होतात. बेरीज तीही १६. लाल जास्त वेळा जिंकतो, पण हरतो तेव्हा सरासरीने जास्त मोठ्या फरकाने हरतो. फरकाइतके रुपये द्यायचे ठरले, तर हा खेळ अगदी बरोबरीचा होईल. जिंकणाऱ्याला दर वेळी ठरावीक एक रुपया, असे ठरले तर लालवाला फायद्यात राहील. सरासरी फरकांचा हिशेब ठेवते आणि इथे विचारले जाते ते केवळ ‘मोठा कोण’. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि चक्राला जागा मिळते ती या फटीतच.

आकड्यांची ही वाटणी आली कुठून? १ ते ९ आकड्यांचा, उभी-आडवी बेरीज १५ येणारा जादूचा चौरस अनेकांनी शाळेत मांडलेला असतो:

२ ७ ६
९ ५ १
४ ३ ८

याचे तीन उभे स्तंभ म्हणजेच वरचे तीन फासे. आडव्या ओळी घेतल्या तरी चालतात: २, ७, ६ हा फासा ९, ५, १ ला हरवतो, तो ४, ३, ८ ला, आणि तो पुन्हा पहिल्याला. प्रत्येक वेळी ९ पैकी ५.

या कल्पनेला प्रसिद्धी मिळवून दिली ती स्टॅनफर्डचे संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रन यांच्या चार फाशांनी. मार्टिन गार्डनर यांनी १९७० मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांची ओळख करून दिली. त्यांवरचे आकडे असे: पहिल्यावर ४, ४, ४, ४, ०, ०, दुसऱ्यावर सहाही बाजूंना ३, तिसऱ्यावर ६, ६, २, २, २, २, चौथ्यावर ५, ५, ५, १, १, १. इथे प्रत्येक फासा पुढच्याला ३६ पैकी २४ वेळा हरवतो आणि चौथा पहिल्याला. दोन तृतीयांश ही आघाडी मोठीच म्हणायची. शिवाय पहिल्याची सरासरी ३ पेक्षा कमी असूनही तो नेमका ३ सरासरीच्या दुसऱ्या फाशाला हरवतो. खेळात ज्याला नंतर निवडायला मिळते त्याचेच फावते: समोरच्याने कोणताही फासा उचलला, तरी त्याला हरवणारा एक शिल्लक असतोच. गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी असेच फासे बिल गेट्स यांच्यापुढे ठेवले, तेव्हा गेट्स यांनी ते निरखून पाहिले आणि आधी बफे यांनीच निवड करावी असा आग्रह धरला, ही हकीकत सांगितली जाते.

पडताळणीसाठी फासे टाकत बसण्यापेक्षा जोड्या मोजणे बरे. तीन फाशांच्या संचात आघाडी फक्त ९ पैकी ५ ची असल्याने नऊ डावांच्या सामन्यात दुबळा फासा सुमारे ३७ टक्के वेळा सरशी करून जातो. थोडेसे डाव खेळून ‘चक्र खोटे निघाले’ असे वाटणे अगदी सहज शक्य आहे. मोजणीतही एक खड्डा आहे. एफ्रनच्या फाशांवर आकडे सारख्या वेळा येत नाहीत. तिथे ६ दोन बाजूंवर आणि २ चार बाजूंवर आहे, हे विसरून नुसते वेगवेगळे आकडे मोजले, तर उत्तर चुकते. तिथे बाजू मोजाव्या लागतात.

चक्र कितपत नाजूक असते, हे फासे दोनदा टाकून बेरीज घेतल्यावर कळते. लाल फाशाच्या दोन दानांची बेरीज ४, ६, ६, ८, ११, ११, १३, १३, १८ यांपैकी एक येते. निळ्याची २, ७, ७, ९, ९, १२, १४, १४, १६ यांपैकी एक. या ८१ जोड्यांत लाल ३७ वेळा जिंकतो आणि निळा ४४ वेळा, म्हणजे निकाल उलटला. निळा विरुद्ध हिरवा ३९-३८, हिरवा विरुद्ध लाल ३९-३८. या दोन्ही सामन्यांत चार-चार वेळा बरोबरी होते. आता निळा दोघांनाही हरवतो, हिरवा लालला हरवतो आणि लाल सर्वांत खाली जातो. फासे तेच, आकडे तेच, पण दोन दानांच्या खेळात चक्र उरत नाही.