वाक्याचा शेवट ऐकू यावा म्हणून

बोलताना वाक्याचा शेवट तीन तऱ्हांनी बिघडतो. कधी साध्या विधानाचा सूर प्रश्न विचारल्यासारखा वर चढतो, त्याला अपटॉक म्हणतात. कधी शेवटचे दोन-तीन शब्द तव्यावर तेल तडतडावे तसे घशात तुटक वाजतात, तो व्होकल फ्राय. आणि कधी आवाज विरत जाऊन शेवटचा शब्द तोंडातच राहतो. मराठीत हा तिसरा प्रकार सर्वांत जास्त नुकसान करतो. क्रियापद आणि 'नाही' हे दोन्ही मराठीत बहुतेक वेळा वाक्याच्या टोकाला येतात, त्यामुळे टोक हरवले की अर्थच उलटू शकतो.

शाळेच्या पालकसभेत वाचली जाणारी ही सूचना पाहा : 'पालकांनी नोंद घ्यावी, पावसाचा अंदाज असला तरी शाळेने येत्या शनिवारची रायगडची सहल रद्द केलेली नाही.' वाचणाऱ्याचा श्वास 'रायगडची' या शब्दापाशी संपत आला, तर 'रद्द केलेली'पर्यंत आवाज कसाबसा पोचतो आणि 'नाही' विरून जाते. मागच्या रांगेतले पालक सहल रद्द झाली असे समजून घरी जातात. याच सूचनेचा शेवट वरच्या सुरात गेला, तर वेगळाच घोटाळा होतो. बोली मराठीत 'का' न लावताही नुसत्या चढत्या सुराने प्रश्न विचारता येतो. 'तू येणार' हे विधान आणि 'तू येणार?' हा प्रश्न यांत फरक फक्त सुराचा असतो. म्हणून 'रद्द केलेली नाही' हे चढत्या सुरात वाचले, की वाचणाऱ्यालाच खात्री नसावी असे ऐकणाऱ्याला वाटते.

आवाज शेवटीच का ढासळतो, याचे मूळ श्वासात आहे. फुप्फुसांतून वर येणाऱ्या हवेच्या दाबाने स्वरयंत्रातल्या दोन स्वरतंतूंमध्ये कंप उठतो. साधारण बोलण्यात पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला सव्वाशेच्या आसपास आणि स्त्रियांचे दोनशेच्या आसपास वेळा कंप पावतात. वाक्य पुढे सरकते तसा हवेचा दाब कमी होत जातो आणि सूरही हळूहळू उतरतो. हा उतार जगातल्या बहुतेक भाषांत आढळतो आणि 'विधान संपले' ही खूण त्यातूनच ऐकणाऱ्याला मिळते. दाब फारच घटला आणि सूर तळाला टेकला, की स्वरतंतू आखूड, जाड आणि सैल होतात. मग ते बराच काळ मिटलेले राहून अधूनमधून उघडतात. कंपने सेकंदाला सत्तरच्याही खाली येतात, आणि कानाला सलग स्वराऐवजी सुटे ठोके ऐकू येतात. हाच फ्राय. गायक खर्जाचा रियाज करतात तो याहून वेगळा. तिथे सूर खाली असला तरी सलग आणि भरीव असतो, आणि त्याला श्वासाचा आधार असतो.

या लकबींची चर्चा सर्वांत जास्त झाली ती इंग्रजी बोलणाऱ्या देशांत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या चढत्या सुराची नोंद अभ्यासकांनी 1960च्या दशकातच केली होती. 'अपटॉक' हे नाव मात्र 1993 साली जेम्स गॉर्मन यांच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मधल्या लेखामुळे रूढ झाले. अमेरिकेत 2014 साली झालेल्या एका प्रयोगात एकच वाक्य साध्या आवाजात आणि फ्रायमध्ये बोलून ध्वनिमुद्रित केले होते. ते ऐकणाऱ्या 800 जणांपैकी बहुतेकांना साधा आवाज अधिक विश्वासार्ह आणि नोकरी देण्याजोगा वाटला. फ्रायबद्दलची नापसंती स्त्रियांच्या बाबतीत अधिक तीव्र होती. मात्र बोलणाऱ्यांनी त्यात फ्रायची मुद्दाम नक्कल केली होती, हे लक्षात ठेवायला हवे. तरुण मुलींना या लकबीवरून टोकणे आणि त्याच लकबीच्या पुरुषांकडे दुर्लक्ष करणे हा उघड अन्याय आहे. चढता सूर हाही मुळात दोष नव्हे. फोन नंबर सांगताना किंवा यादी वाचताना 'अजून पुढे आहे' हे त्याच सुरातून कळते. प्रत्येक विधानाचा शेवट तसाच होऊ लागला, तरच तो खटकतो.

दुरुस्तीची सुरुवात कानापासून करावी. ती सूचना मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून ऐकावी. 'नाही'मधला 'ना' ऐकू येतो, पण 'ही' येत नाही, असे बऱ्याचदा आढळते. मग श्वासाच्या जागा ठरवाव्यात. 'घ्यावी'नंतर एक थांबा, 'असला तरी'नंतर दुसरा. दोन्ही ठिकाणी तोंडाने छोटा, आवाज न करता श्वास घ्यायचा, खांदे न उचलता. छाती ठासून भरण्याची गरज नसते. फार हवा घेतली की ती पहिल्याच शब्दांत भसकन निघून जाते. खरा नियम एवढाच, की शेवटच्या 'नाही'नंतरही थोडी हवा उरली पाहिजे.

यानंतरचा सराव उलट्या दिशेने करायचा. आधी फक्त 'नाही' म्हणायचे. मग 'रद्द केलेली नाही', मग 'रायगडची सहल रद्द केलेली नाही', असे एकेक तुकडा पुढून जोडत पूर्ण वाक्यापर्यंत यायचे. यामुळे वाक्याचे टोक सर्वांत जास्त वेळा तोंडातून जाते, आणि बोलणारा प्रत्येक वेळी ओळखीच्या जागेकडे चालत असतो. टोकाला सूर उतरू द्यावा, पण आवाजाचे बळ उतरू देऊ नये. या दोन गोष्टींची गल्लत झाली, की बोलणे सपाट, यांत्रिक होते. फ्राय येत असेल तर वाक्याची सुरुवातच थोड्या वरच्या सुरात करावी, म्हणजे उतरायला जागा उरते. तोंड मिटून सहज 'अं हं' असा होकार दिला, की स्वतःच्या आवाजाची सोयीची पट्टी सापडते.

इथे एक चूक हमखास होते. शेवट ऐकू यावा म्हणून शेवटच्या शब्दावर घशातून जोर दिला जातो, आणि 'नाही' ओरडल्यासारखे बाहेर पडते. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या किंवा घसा खवखवू लागला, तर जोर चुकीच्या जागी पडतो आहे असे समजावे. तो पोटाच्या स्नायूंवर यायला हवा.

कागदावरून वाचणाऱ्यांच्या अडचणीचे कारण पुष्कळदा घशात नसतेच. 'केलेली' म्हणता म्हणता डोळे पुढच्या ओळीवर गेलेले असतात, मान खाली झुकते आणि आवाज कागदात शिरतो. अशा वेळी शेवटचे दोन-तीन शब्द आधीच नजरेने उचलावेत, मान वर करावी आणि ते समोरच्या माणसाकडे पाहून म्हणावेत. 'नाही' पूर्ण झाल्यावर क्षणभर थांबूनच नजर पुन्हा कागदावर न्यावी. अनुभवी सूत्रसंचालकांच्या बोलण्यात जी ठाम समाप्ती जाणवते, तिच्यात या क्षणभराच्या थांब्याचा वाटा मोठा असतो.

अधूनमधून येणाऱ्या फ्रायने स्वरतंतूंना इजा होते असे सिद्ध झालेले नाही. पण वाक्याच्या सुरुवातीपासूनच आवाज घोगरा येत असेल, बोलताना दुखत असेल किंवा घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला असेल, तर हा सराव थांबवावा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे.