रविवारी रात्री ११ ला कामावर गेलात, तर रविवारचे तास किती? एक की आठ?

रांजणगाव एमआयडीसीत तिसरी पाळी करून सकाळी कारेगावच्या खोलीवर परतणाऱ्यांमध्ये पगाराच्या दिवशी हा वाद हमखास होतो. पाळी रात्री ११ ला सुरू होते आणि सकाळी ७ ला संपते. मध्ये १२ वाजतात आणि तारीख बदलते. साप्ताहिक सुट्टी रविवारी असेल, तर दुप्पट दर नेमका कोणत्या तासांना लावायचा?

बहुतेकांना वाटतं, १२ वाजेपर्यंतचा एक दिवस आणि नंतरचा दुसरा. कायदा मात्र तसं म्हणत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५७ नुसार पाळी मध्यरात्र ओलांडत असेल, तर १२ नंतरचे तास आदल्या दिवसातच धरायचे. अशा कामगाराची साप्ताहिक सुट्टीही रात्री १२ ला सुरू होत नाही. पाळी संपल्यापासून सलग २४ तास ही त्याची सुट्टी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेतही हीच तरतूद कायम आहे.

म्हणजे शनिवारी रात्री ११ ला सुरू झालेली पाळी पूर्ण आठ तास शनिवारचीच. त्यातले सात तास कॅलेंडरवर रविवारचे दिसतात, पण ते सुट्टीतलं काम नाही. सुट्टी रविवारी सकाळी ७ ते सोमवारी सकाळी ७. आणि रविवारी रात्री ११ ला बोलावलं, तर सोमवार सकाळपर्यंतचे आठही तास सुट्टीतले.

आता पैसे मोजू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत आणि जेवणाची सुट्टी बाजूला ठेवली आहे. साधा दर तासाला ८० रुपये. कंपनीच्या करारात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेसाठी तासाला १० रुपये रात्रपाळी भत्ता आहे. हा भत्ता घड्याळावर चालतो, दिवसावर नाही. त्यामुळे ११ ते ६ या सात तासांचे ७० रुपये मिळतील, शेवटच्या तासाला काही नाही. (खासगी कारखान्यात हा भत्ता करारावर किंवा नेमणूकपत्रावर ठरतो. केंद्र सरकारच्या पात्र कर्मचाऱ्यांना याच १० ते ६ च्या वेळेत दर तासामागे १० मिनिटं जादा धरतात.)

शनिवारची पाळी: ८ × ८० = ६४०, अधिक ७० म्हणजे ७१० रुपये. रविवारची पाळी दुप्पट दराने: ८ × १६० = १,२८०, अधिक ७० म्हणजे १,३५० रुपये.

हजेरीचं सॉफ्टवेअर मध्यरात्री दिवस तोडत असेल, तर शनिवारच्या पाळीत एक तास साधा आणि सात दुप्पट धरले जातील: १,२७० रुपये. रविवारच्या पाळीत उलटं, एक तास दुप्पट आणि सात साधे: ७९० रुपये. दोन्ही पाळ्या केल्या तर बेरीज दोन्हीकडे २,०६० च येते, त्यामुळे चूक दिसतच नाही. पण फक्त रविवारी रात्री गेलेल्याचे ५६० रुपये कापले जातात. माझ्या मते खरा धोका अर्धवट दुरुस्तीत आहे. शनिवारच्या पाळीला जादा पैसे जाताहेत हे कंपनीच्या लगेच लक्षात येतं आणि तेवढं बंद होतं. रविवारचं टोक तसंच राहतं.

इथे एक अट लक्षात घ्यायला हवी. सुट्टीच्या दिवशी काम केलं म्हणून कायदा आपोआप दुप्पट पैसे देत नाही. दुप्पट दर ओव्हरटाइमला आहे. आठवडा शनिवारच्या मध्यरात्रीपासून मोजतात. रविवारचे ८ तास आणि सोमवार ते शनिवारचे ४८ मिळून ५६ झाले, तर ४८ च्या वरचे ८ तास दुप्पट. पण त्याच आठवड्यात बुधवारी बदली सुट्टी मिळाली, तर एकूण ४८ च राहतात आणि कायद्याने ओव्हरटाइम होत नाही. अर्थात कंपनीच्या करारात सुट्टीच्या कामाला वेगळा दर लिहिलेला असेल, तर तो मिळायला हवा. बदली सुट्टीही दिली नाही आणि दुप्पट पैसेही नाहीत, असं झालं तर तक्रारीला जागा आहे.

तपासणं सोपं आहे. रविवारी रात्रीची पाळी केलेल्या महिन्याची पगार स्लिप घ्या आणि ओटीचे तास बघा. बदली सुट्टी मिळाली नसताना आणि बाकीचे सहा दिवस भरलेले असताना त्या पाळीसाठी तिथे ८ ऐवजी १ दिसला, तर दिवस मध्यरात्री तोडला गेला आहे. पंचिंगच्या वेळेचा फोटो किंवा प्रिंट सोबत ठेवून एचआरकडे किंवा, कंत्राटी असाल तर, कंत्राटदाराकडे फरक लेखी मागा. ‘पगार कमी आला’ एवढंच लिहू नका. तारीख, पाळीची वेळ, मिळालेले तास आणि मिळायला हवे होते ते तास, असं लिहा.