पाइप आधी, कमोड नंतर

बाथरूमचा नकाशा काढायला बसलं की बहुतेकांचा हात आधी कमोडकडे जातो. कॅडच्या लायब्ररीत कमोड, बेसिन, शॉवर यांचे तयार ब्लॉक असतात. ते उचलून खोलीत ठेवले, दार उघडतंय ना एवढं पाहिलं की नकाशा झाल्यासारखा वाटतो. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या रेषा मग उरलेल्या जागेतून ओढल्या जातात. मी उलट्या क्रमाने जाते. आधी डक्ट कुठे आहे ते पाहते, मग संक किती खोल आहे ते मोजते, आणि त्यानंतर कमोडला हात लावते. असं का, ते माझ्या मावसबहिणीच्या पुण्यातल्या फ्लॅटवरून सांगते.

तिचं बाथरूम आतून 1500 बाय 2400 मिलिमीटर, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत साधारण पाच बाय आठ. एका आखूड भिंतीत दार, समोरच्या आखूड भिंतीमागे डक्ट. सांडपाण्याचे उभे पाइप त्या डक्टमधूनच खाली जातात. तिला हवं होतं ते अगदी रास्त होतं: दाराशी बेसिन, मध्ये कमोड, आणि टोकाला, डक्टच्या भिंतीलगत शॉवर. म्हणजे दारापासून कमोडपर्यंतची फरशी कोरडी राहते.

आधी मापांबद्दल एक गोष्ट. नकाशात भिंतीची रेषा काढतो ती बहुतेक वेळा विटेची असते. त्यावर प्लास्टर येतं, मग टाइल येते. दोन्ही मिळून पस्तीसेक मिलिमीटर जातात. कमोडचं भोक भिंतीपासून किती अंतरावर हवं हे कंपनी देते ते टाइल लागलेल्या भिंतीपासून. म्हणून `OFFSET` देऊन चारही भिंतींना आतून एक पातळ रेषा ओढून घ्यायची आणि सगळी मापं तिच्यापासून द्यायची. वर दिलेलं 1500 बाय 2400 तसंच आहे. हे राहिलं तर कमोड बसवताना त्याची टाकी भिंतीला टेकते आणि खालचं भोक जुळत नाही.

मग मैलापाण्याची रेषा. त्यासाठी वेगळा लेयर, `P-SOIL`. शॉवरला 900 मिलिमीटर सोडले, कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना 400 सोडले, तर कमोडचा मध्य डक्टच्या भिंतीपासून 1300 वर येतो. डक्टमधल्या उभ्या पाइपपर्यंत `PLINE` ओढली आणि `LIST` देऊन लांबी पाहिली: भिंतीच्या जाडीसकट 1500 भरली. नकाशावर सगळं छान दिसत होतं. अडचण अशी की नकाशा वरून पाहिलेला असतो, आणि पाइप तर खाली उतरत जायचा असतो. ती खोली नकाशात दिसत नाही. ती कागदावर काढावी लागते.

सांडपाण्याच्या आडव्या पाइपला साधारण 40 ला 1 असा उतार धरतात, म्हणजे मीटरमागे 25 मिलिमीटर. दीड मीटरला साडेसदतीस झाले. आता संक पाहू. बाथरूमखालचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो, त्या खड्ड्याला आपण संक म्हणतो. पाइप त्यातून जातात आणि वर ब्रिकबॅट कोबा भरून टाइल बसते. या घरात संक 225 होता, नऊ इंच. तळाशी वॉटरप्रूफिंग आणि तिच्यावरचा मसाल्याचा थर यांना 50 गेले. म्हणजे पाइपाचा तळ तयार फरशीच्या खाली जास्तीत जास्त 175 जाऊ शकतो, तोही डक्टपाशी. तिथून उतार मागे धरत कमोडपर्यंत आलो की तळ 137 वर येतो. पाइप 110 चा. त्याचा माथा फरशीखाली फक्त 27 मिलिमीटरवर. टाइल आणि तिच्याखालचा मसाला मिळून 50 लागतात. पाइप टाइलच्या मसाल्यात घुसतो, आणि कमोडमधून सरळ खाली येणारा बेंड बसायला तर जागाच नाही.

प्लंबर अशा वेळी म्हणतो, ताई, उतार थोडा कमी करू. तेही करून पाहिलं. उतार निम्मा, 80 ला 1 धरला तर उतरंड साडेसदतीसऐवजी एकोणीस होते. माथा 46 वर जातो. तरीही 50 ला चार कमीच, आणि बेंडची अडचण तशीच. शिवाय मंद उताराच्या पाइपात मैला थांबत जाण्याची भीती वाढते. साइटवर असं झालं की एकच वाट उरते: फरशी वर उचलायची. मग बाथरूम बाहेरच्या खोलीपेक्षा उंच होतं आणि दाराशी पायरी येते. अशी पायरी तुम्हीही पाहिली असेल. ती हौसेने केलेली क्वचितच असते.

म्हणून कमोड हलवला. ज्याचं तोंड खाली नसून मागच्या भिंतीत असतं, असा पी-ट्रॅप कमोड घेतला. त्याच्या तोंडाचा मध्य फरशीच्या वर 180 मिलिमीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या कागदावरून घ्यायचा. तो थेट डक्टच्या भिंतीला लावला, मध्य उजव्या भिंतीपासून 450 वर. पाइप भिंतीतून सरळ डक्टमध्ये. संकमधून 110 चा पाइपच गेला. बदल्यात शॉवर मध्ये आला, आणि कमोडपर्यंत जाताना ओली फरशी ओलांडावी लागणार. बहिणीला हे आवडलं नाही, आणि तिची तक्रार बरोबर होती. शॉवरच्या बाजूने काचेचा एक पडदा घेतला. त्याने शिंतोडे थांबतात, वाहतं पाणी नाही.

नाहणी ट्रॅप डक्टच्या भिंतीलगत डाव्या कोपऱ्यात ठेवला. त्यातून निघणारा 75 चा पाइप जितका आखूड, तितकी कमी खोली लागते. फरशीला 100 ला 1 उतार धरला, तर दारापासून ट्रॅपपर्यंतच्या दोनेक मीटरमध्ये फरशीच 20 मिलिमीटर खाली जाते. म्हणजे ट्रॅपला 175 मिळत नाहीत, 155 मिळतात. त्या उंचीत बसणारा, तरीही आत 50 मिलिमीटर पाणी धरून ठेवणारा ट्रॅप शोधायचा. ते पाणी डक्टमधला वास अडवतं. उंची वाचवायला उथळ ट्रॅप घेतला, तर महिनाभर घर बंद राहिल्यावर दार उघडताच कळतं.

स्वच्छ पाण्याच्या लाइनला उताराची चिंता नाही, तिथे दाब काम करतो. गार आणि गरम वेगळ्या लेयरवर, गारची रेषा अखंड, गरमची तुटक. सीपीव्हीसीचा पाऊण इंची पाइप फिरवून प्रत्येक नळाला अर्धा इंची फाटा. गरम डावीकडे, गार उजवीकडे, वॉल मिक्सरला दोन्ही तोंडांत मध्यापासून मध्यापर्यंत 150. पण प्लंबर पाइप भिंतीत घालतो, म्हणून प्रत्येक भिंतीचं समोरून दिसणारं चित्र वेगळं काढते. त्यावर उंची लिहिते: मिक्सर 1000, शॉवरचं तोंड 2100, बेसिनचे अँगल कॉक 550. झिऱ्या उभ्या किंवा आडव्याच, तिरक्या कधीच नाहीत. उद्या आरसा लावायला भोक पाडणाऱ्याला नळाच्या सरळ वर आणि बाजूला पाइप असणार हे ओळखता यायला हवं.

टाइल लावण्याआधी दाब देऊन लाइन तपासली, तेव्हा पट्टी भिंतीला टेकवून मी त्या चार भिंतींचे फोटो काढले. मिक्सर नकाशापेक्षा 40 मिलिमीटर डावीकडे गेला होता. भिंत पुन्हा फोडली नाही. नकाशातली रेषा हलवली, नवीन तारीख टाकली आणि ती प्रत बहिणीच्या घराच्या कागदपत्रांत ठेवली.