ब्रॉडबँडचे नवे युजरनेम आणि राउटरचा जुना पासवर्ड

घरातले फायबर किंवा डीएसएल इंटरनेट अनेक ठिकाणी नुसती केबल जोडून चालू होत नाही. राउटरला आधी कंपनीकडे स्वतःची ओळख पटवावी लागते. त्यासाठी जी पद्धत सर्रास वापरली जाते तिचे नाव पीपीपीओई. टेलिफोनवरून डायल करून इंटरनेट घेण्याच्या काळात पीपीपी नावाची पद्धत होती. ती इथरनेटवरून चालावी म्हणून १९९९ मध्ये आरएफसी २५१६ या दस्तऐवजात पीपीपीओईची रीत नोंदवली गेली. ग्राहकाचे युजरनेम आणि पासवर्ड राउटरमध्ये एकदा भरून ठेवले जातात आणि पुढे प्रत्येक वेळी राउटर ते स्वतःहूनच सादर करतो. म्हणूनच बहुतेक घरांत हा पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. जोडणी द्यायला आलेल्या माणसाने तो भरलेला असतो आणि पुढे त्याची आठवण काढण्याची वेळ येत नाही.

ती वेळ येते ती कंपनीने नवे युजरनेम आणि पासवर्ड दिल्यावर. गावातल्या केबलचालकाचे ग्राहक मोठ्या कंपनीकडे वर्ग होतात, कंपनी आपली बिलिंग यंत्रणा बदलते, किंवा तक्रारीनंतर कस्टमर केअरकडून पासवर्ड रीसेट केला जातो. कंपनीच्या नोंदवहीत नवी माहिती चढते, राउटरमध्ये मात्र जुनीच राहते. पण इंटरनेट लगेच बंद पडत नाही, आणि इथेच पुष्कळ जण फसतात.

बिघाड उशिरा का दिसतो

पीपीपीओईमध्ये पासवर्ड साधारणपणे जोडणीच्या सुरुवातीलाच तपासला जातो. एकदा लॉगिन झाले की सत्र सुरू होते. त्यानंतर दोन्ही बाजू अधूनमधून छोटे संदेश पाठवून समोरचे यंत्र जागे आहे ना, एवढेच पाहतात. त्या तपासणीत पासवर्डचा संबंध नसतो. त्यामुळे कंपनीने पासवर्ड बदलला तरी, तिने मुद्दाम सत्र तोडले नाही तर, चालू सत्र तसेच चालत राहते. वीज गेली, राउटर बंद करून पुन्हा लावला, किंवा कंपनीने रात्री दुरुस्तीसाठी जोडणी तोडली, की राउटर नव्याने लॉगिन करायला जातो आणि जुना पासवर्ड नाकारला जातो. घरच्यांना वाटते की वीज गेल्याने राउटर बिघडला. खरे कारण काही दिवस आधीच्या एसएमएसमध्ये असते.

नकार कोणत्या टप्प्यावर आला

राउटरचे लॉगिन तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात राउटर वायरवर सर्वांना उद्देशून हाक देतो आणि कंपनीचे यंत्र तिला उत्तर देते. दुसऱ्या टप्प्यात राउटर युजरनेम आणि पासवर्ड सादर करतो. कंपनीचे यंत्र ते रेडियस नावाच्या सर्व्हरकडे पाठवते आणि तो होकार किंवा नकार देतो. होकार मिळाला तरच तिसऱ्या टप्प्यात राउटरला आयपी पत्ता मिळतो.

पासवर्ड जुळत नसेल तर गाडी दुसऱ्या टप्प्यावर अडते. ही खूण फार उपयोगाची आहे, कारण पहिला टप्पा पार झाला म्हणजे केबल, जोडणी आणि कंपनीचे यंत्र हे सगळे जागेवर आहे. फायबरच्या ओएनटीवर `LOS` चा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशाचा सिग्नलच येत नाही. तो बिघाड तारेचा असतो, पासवर्डचा नव्हे. `LOS` विझलेला, `PON` स्थिर हिरवा आणि `INTERNET` चा दिवा बंद किंवा लाल असेल, तर लॉगिनकडे पाहावे. वाय-फाय मात्र अशा वेळीही पूर्ण ताकदीने दिसत राहते, कारण ते घरातल्या घरातले जाळे आहे.

खात्रीसाठी राउटरची नोंद, म्हणजे `System Log`, उघडावी. शब्द यंत्रागणिक बदलतात, पण लिनक्सवर चालणाऱ्या राउटरांत पासवर्ड नाकारला गेल्यावर साधारण अशा ओळी येतात:

```
PPP session is 4217
sent [PAP AuthReq id=0x1 user="ghar204@oldnet" password=<hidden>]
rcvd [PAP AuthNak id=0x1 "Authentication failure"]
PAP authentication failed
```

पहिली ओळ सांगते की कंपनीच्या यंत्राने उत्तर दिले आणि सत्राला क्रमांकही दिला. दुसऱ्या ओळीत राउटरने कोणते युजरनेम पाठवले ते दिसते आणि तिसऱ्या ओळीत समोरून आलेला नकार. याउलट `Timeout waiting for PADO packets` अशी ओळ असेल तर हाकेला उत्तरच आलेले नाही. अशा वेळी पासवर्ड कितीही वेळा भरला तरी उपयोग नाही. दोष तारेत, व्हीलॅन क्रमांकात किंवा कंपनीच्या यंत्रात शोधावा लागतो. विंडोजच्या संगणकावरून थेट ब्रॉडबँड डायल केले तर पासवर्डचा नकार `Error 691` म्हणून दिसतो.

एका घराचे उदाहरण

समजा, सांगलीतल्या एका घराचे युजरनेम `ghar204@oldnet` असे होते. केबलचालक मोठ्या कंपनीत सामील झाला आणि ग्राहकाला एसएमएस आला: नवे युजरनेम `ghar204@newnet` आणि सोबत नवा पासवर्ड. नेट चालू होते म्हणून कोणी काही केले नाही. पुढच्या आठवड्यात दोन तास वीज गेली आणि परत आल्यावर नेट आले नाही.

मुलाने पासवर्ड बदलायचा म्हणून राउटरमधला वाय-फायचा पासवर्ड बदलला. नेट तर आले नाहीच, उलट घरातले सगळे मोबाइल वाय-फायवरून सुटले. ही चूक फार नेहमीची आहे, कारण एका जोडणीत चार वेगवेगळे पासवर्ड असतात. एक वाय-फायचा, दुसरा राउटरची सेटिंग्ज उघडण्याचा, तिसरा कंपनीच्या संकेतस्थळावर बिल भरण्याचा आणि चौथा पीपीपीओईचा. एसएमएस नेमका कशाबद्दल आहे हे आधी ठरवावे लागते. युजरनेममध्ये `@` आणि त्यापुढे कंपनीचा शब्द असेल तर ते बहुधा पीपीपीओईचे असते. खात्री नसेल तर कंपनीला सरळ विचारावे.

मग वडिलांनी ब्राउझरमध्ये `192.168.1.1` उघडून `WAN` चे पान काढले. त्यांनी नवा पासवर्ड नीट भरला, युजरनेमला मात्र हात लावला नाही, कारण `ghar204` तर तेच होते. नकार कायम राहिला. `@` नंतरचा शब्द शोभेचा नसतो. ही मागणी कोणत्या रेडियस सर्व्हरकडे न्यायची हे त्यावरूनच ठरते. `@oldnet` ही मागणी जुन्या नोंदवहीकडे गेली आणि तिथे ते खाते आता नव्हते. पूर्ण युजरनेम भरल्यावर काही सेकंदांत पत्ता मिळाला आणि नेट सुरू झाले.

या उदाहरणात एक गोष्ट लक्षात येते. युजरनेम चुकले असो वा पासवर्ड, नकाराचा संदेश बहुतेक वेळा एकच असतो. कंपन्या तो मुद्दाम एकसारखा ठेवतात, म्हणजे अंदाज बांधत बसणाऱ्याला कोणते युजरनेम अस्तित्वात आहे याचा सुगावा लागत नाही. म्हणून दुरुस्त करताना दोन्ही रकाने पुन्हा भरावेत.

भरताना घ्यायची काळजी

युजरनेम आणि पासवर्ड हाताने टाइप केले की `0` आणि `O`, `1` आणि `l` यांची गल्लत होते. एसएमएसमधून कॉपी केले की शेवटी एखादी मोकळी जागा चिकटून येते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. पासवर्डमध्ये लहान आणि मोठी अक्षरे वेगळी मानली जातात. रकान्याशेजारी डोळ्याचे चिन्ह असेल तर ते दाबून पासवर्ड उघडा करून वाचावा. नसेल तर आधी साध्या नोंदीत टाइप करून तपासावा.

ब्राउझरची सवय आणखी एक घोळ घालते. राउटरच्या लॉगिनचे `admin` आणि त्याचा पासवर्ड ब्राउझरने जपून ठेवलेला असतो. `WAN` च्या पानावर युजरनेम आणि पासवर्डचे रकाने दिसले की तो तीच जोडी तिथे भरून टाकतो. पासवर्डच्या जागी ठिपकेच दिसत असल्याने ते लक्षात येत नाही. सेव्ह करण्यापूर्वी युजरनेमच्या रकान्यावर एक नजर टाकली की हा घोळ पकडता येतो.

या पानावर इतर काही बदलू नये. व्हीलॅन क्रमांक आणि जोडणीचा प्रकार आहेत तसेच ठेवावेत. बदल करण्यापूर्वी पानाचा फोटो काढून ठेवावा. राउटर फॅक्टरी रीसेट करणे तर टाळावेच, कारण त्याने व्हीलॅनसकट सगळेच पुसले जाऊ शकते. मग पासवर्डचा नकार येण्याआधीच, पहिल्याच टप्प्यावर, जोडणी अडते.

लॉगिन कोणते यंत्र करते हेही पाहावे लागते. काही घरांत ओएनटी नुसता सिग्नल पुढे देतो आणि पीपीपीओई ग्राहकाने विकत घेतलेल्या राउटरमध्ये असते. कंपनी आपल्या ओएनटीतली माहिती दुरून बदलू शकते, पण ग्राहकाच्या राउटरपर्यंत तिचा हात सहसा पोहोचत नाही. तिथे नवा पासवर्ड ग्राहकालाच भरावा लागतो.

सगळे बरोबर भरूनही नकार आला तर

वीज अचानक गेली तर कंपनीच्या यंत्रात जुने सत्र काही मिनिटे उघडेच राहते. एका खात्यावर एकच सत्र चालत असेल तर तेवढा वेळ नवे लॉगिन नाकारले जाते. राउटर बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी लावला की हा अडसर आपोआप सुटतो. पासवर्डची चूक मात्र वाट पाहून सुटत नाही. संपलेला प्लॅन किंवा थकलेले बिल यांमुळेही असाच नकार येऊ शकतो. काही कंपन्या खाते राउटरच्या मॅक पत्त्याशी बांधतात, त्यामुळे नवा राउटर लावल्यावर अचूक पासवर्डही चालत नाही.

अशा वेळी कस्टमर केअरला "नेट बंद आहे" एवढेच सांगितले तर तक्रार तारेच्या दुरुस्तीकडे जाते आणि एक-दोन दिवस वाया जातात. "ओएनटीचे दिवे ठीक आहेत, पीपीपीओई ऑथेंटिकेशन फेल होते आहे, आमच्या लॉगिनच्या नोंदीत काय दिसते ते पाहा" असे सांगावे. कोणत्या युजरनेमने मागणी आली आणि ती का नाकारली गेली, हे सहसा कंपनीच्या नोंदीत असते. मागणीच पोहोचलेली दिसत नसेल तर `@` नंतरचा शब्द चुकलेला असू शकतो. पासवर्ड चुकीचा दिसत असेल तर तो फोनवरच रीसेट करून घ्यावा आणि नवा पासवर्ड लगेच राउटरमध्ये भरावा. त्यासाठी जुना पासवर्ड कोणाला सांगण्याची गरज नसते.

नव्या पासवर्डचा एसएमएस आला की तो त्याच दिवशी राउटरमध्ये भरून एकदा जोडणी तोडून पुन्हा जोडून पाहावी. चूक असेल तर ती तेव्हाच, एसएमएस हाताशी असताना दिसते.