मुखपृष्ठावरचं नाव आणि करारावरचं नाव

रिचर्ड बाकमन नावाच्या अमेरिकन लेखकाची 'थिनर' ही कादंबरी 1984 साली आली. पुस्तकावर लेखकाचा फोटो होता आणि सोबत थोडा परिचयही होता. वॉशिंग्टनमधल्या पुस्तकाच्या दुकानात काम करणाऱ्या एका विक्रेत्याने ती वाचली आणि त्याला वाटलं, हे तर स्टीफन किंगचं लिखाण आहे. नुसत्या वाटण्याने काही सिद्ध होत नाही, म्हणून तो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेला आणि बाकमनच्या पुस्तकांच्या स्वामित्वहक्काच्या नोंदी त्याने काढायला लावल्या. बहुतेक नोंदी किंगच्या साहित्यिक एजंटच्या नावावर होत्या. सगळ्यांत जुन्या पुस्तकाची नोंद मात्र थेट स्टीफन किंगच्या नावावर निघाली. 1977 पासून पाच पुस्तकं सांभाळलेलं गुपित एका अर्जामुळे फुटलं. फोटो दुसऱ्याच माणसाचा होता, परिचय रचलेला होता, एवढी सगळी काळजी घेतली होती. राहून गेला तो एक कागद.

टोपणनाव घेऊ पाहणारे नवे लेखक महिनोन्महिने नाव शोधण्यात घालवतात. नाव गोड असावं, लक्षात राहावं, हे खरंच. पण त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा: आपल्याला नक्की कुणापासून वेगळं राहायचं आहे? उत्तर मिळालं की नाव कसं हवं आणि ते किती जपायचं, हे दोन्ही आपोआप ठरत जातं.

मराठीत बहुतेक टोपणनावं लपण्यासाठी नव्हतीच. वि. वा. शिरवाडकरांनी कविता कुसुमाग्रज म्हणून लिहिली आणि 'नटसम्राट' शिरवाडकर या नावाने. कुसुम ही त्यांची बहीण, म्हणजे नावातच घरचा पत्ता होता. चिं. त्र्यं. खानोलकरांची कविता आरती प्रभूंची, आणि 'कोंडुरा', 'एक शून्य बाजीराव' ही गद्य नि नाटकाची बाजू खानोलकरांची. राम गणेश गडकऱ्यांनी तर तीन वाटण्या केल्या: नाटकं स्वतःच्या नावाने, कविता गोविंदाग्रजांच्या आणि विनोद बाळकरामाचा. दोन्ही नावांमागे एकच माणूस आहे हे वाचकाला ठाऊक असायचं आणि कुणाचं काही बिघडत नसे. कोणत्या नावाचं पुस्तक हाती घेतलंय त्यावरून वाचक मनाची तयारी करायचा, एवढंच त्या नावांचं काम. अशा उघड्या टोपणनावाला फक्त शिस्त लागते. कवितेचं नाव एकदा कादंबरीवर घातलं की ती वाटणी मोडते आणि मग दोन नावं का आहेत, हेच कळेनासं होतं.

विभावरी शिरूरकरांचं प्रकरण वेगळं. 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह 1933 साली आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते त्यात सरळ मांडलं होतं. मोठा गदारोळ झाला आणि ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. लेखिका होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. त्या काळी एका अविवाहित, स्वतःच्या पायावर उभ्या बाईने आपल्या नावाने हे छापलं असतं, तर टीका कथांवर न होता तिच्या चारित्र्यावर झाली असती. तिथे टोपणनाव हा शोभेचा भाग नव्हता. त्याच्या आडोशाने ते पुस्तक निदान पुस्तक म्हणून वाचलं जाण्याची शक्यता उरली. आजही घरच्या अत्याचाराबद्दल, जातीबद्दल, आपल्याच नोकरीतल्या गैरव्यवहाराबद्दल लिहिणाऱ्या माणसाची गरज हीच असते. पुढचं सगळं अशा बंद टोपणनावाविषयी आहे.

बंद नाव निवडताना पहिला नियम असा की आपल्या आयुष्यातलं काहीही त्यात नको. माणसं नकळत आईचं माहेरचं आडनाव घेतात, गावाला 'कर' लावतात, मुलीचं नाव घेतात किंवा आद्याक्षरं तीच ठेवतात. आपल्याला जवळचं वाटतं म्हणूनच आपण ते निवडतो, आणि आपल्याला ओळखणाराही नेमका तोच धागा धरतो. मराठी आडनाव जात, प्रांत, कधीकधी तालुकासुद्धा सांगतं. त्यामुळे आडनाव घेतलं की त्याबरोबर एक खोटी ओळखही घेतली जाते. एखाद्या समाजाच्या आतलं दुःख लिहिताना त्या समाजाबाहेरच्या लेखकाने तिथलं आडनाव लावावं, हे मला मान्य नाही. ते वाचकाला फसवणं आहे. अशा वेळी ग्रेस किंवा अनिल यांच्यासारखं आडनावाविना एकच नाव बरं. ठरवलेलं नाव एखाद्या जिवंत लेखकाचं नाही ना, हे ग्रंथालयाच्या यादीत आणि प्रकाशकांच्या सूचींत पाहावं. ते नाव उच्चारून, फोनवर सांगून, दुसऱ्याला लिहायला लावून बघावं. ऐकणारा दर वेळी वेगळं लिहीत असेल तर पुस्तक दुकानात सापडणार नाही.

नाव ठरलं की ते राजपत्रात छापून घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. मुळीच नको. टोपणनावासाठी कुठलीही सरकारी नोंद लागत नाही. राजपत्रात जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी छापलं जातं, आणि राजपत्र कुणालाही पाहता येतं. बंद नावासाठी याहून वाईट जागा नाही.

आता कागदांकडे. पुस्तकाचा करार खऱ्या नावानेच करावा, कारण मानधन खऱ्या नावाच्या खात्यात येणार आणि कर त्याच नावाच्या पॅनवर कापला जाणार. टोपणनावाने काढलेला धनादेश बँक वटवत नाही. मात्र करारात एक कलम स्वतंत्र घालून घ्यावं: 'हे पुस्तक अमुक या टोपणनावाने प्रसिद्ध होईल; लेखकाच्या लेखी संमतीशिवाय प्रकाशक खरं नाव प्रकट करणार नाही; करार संपल्यावरही हे बंधन राहील.' हे नाव प्रकाशनसंस्थेत कुणाकुणाला माहीत असेल, तेही लिहून घ्यावं. संपादक आणि हिशेब पाहणारी व्यक्ती, एवढं पुरेसं असतं.

मग श्रेयपान. मराठी पुस्तकात शीर्षकपानाच्या पाठीमागे स्वामित्वहक्काच्या ओळीत लेखकाचं नाव आणि पुष्कळदा घरचा पत्ताही छापतात. अक्षरजुळणी करणारा जुन्या पुस्तकाचा साचा उचलतो आणि करारातलं नाव तिथे टाकून मोकळा होतो. म्हणून शेवटचं मुद्रित याच पानासाठी स्वतः डोळ्यांखालून घालावं. अर्पणपत्रिकेत आईवडिलांची खरी नावं आणि ऋणनिर्देशात शाळेतल्या बाईंचे आभार असतील, तर मुखपृष्ठावरचं नाव कितीही परकं असलं तरी उपयोग नाही.

हस्तलिखित फाइलनेही बोलतं. वर्डमध्ये लिहिलेल्या फाइलला संगणकाच्या मालकाचं नाव आपसूक चिकटलेलं असतं. File मध्ये Info उघडलं की Author पुढे ते दिसतं. तिथेच Inspect Document वापरून ते काढता येतं. दिवाळी अंकाला कथा पाठवताना ई-मेलवर टोपणनाव आणि फाइलच्या पोटात खरं नाव, असं झालं तर संपादकाला काहीच शोधावं लागत नाही.

आणि माणसं? जे. के. रोलिंग यांनी 2013 च्या एप्रिलमध्ये रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने रहस्यकथा काढली. जुलैमध्ये गुपित फुटलं. त्यांच्या वकिलांच्या कचेरीतल्या एकाने ते पत्नीच्या मैत्रिणीला सांगितलं, आणि तिने समाजमाध्यमावर एका पत्रकाराला कळवलं. वर्तमानपत्राने भाषेच्या अभ्यासकांकडून मजकूर तपासून घेतला. शब्दांच्या लांबीचं प्रमाण, सर्वांत जास्त येणारे साधे शब्द, जोडीने येणारे शब्द, अशा गोष्टी संगणकाने मोजल्या आणि तुलनेसाठी घेतलेल्या लेखिकांपैकी रोलिंग सर्वांत जवळच्या निघाल्या. हा पुरावा नव्हता. पण थेट विचारणा करायला तेवढं पुरलं आणि त्यांनी कबूल केलं.

मराठीत अशा खुणा आणखी ठळक असतात. कुणी 'वाटते' लिहितो, कुणी 'वाटतं'. कुणाला 'परंतु' लागतं, कुणाला 'पण'. कुणाचा 'च' दर दुसऱ्या वाक्यात येतो. कादंबरीतली पात्रं बदलता येतात, हे किरकोळ शब्द हाताला बसलेले असतात. त्यामुळे खऱ्या नावाने सदर लिहिणाऱ्याने बंद नावाच्या पुस्तकासाठी निदान ही एक निवड जाणूनबुजून वेगळी ठेवावी आणि ती शेवटपर्यंत निभवावी. तरीही वर्षानुवर्षं आपलं वाचणारा संपादक ओळखेलच. त्याच्यापासून लपण्यापेक्षा त्याला विश्वासात घेणं शहाणपणाचं.

टोपणनाव काय करू शकत नाही, हेही माहीत हवं. बदनामीचा दावा झाला तर न्यायालय प्रकाशकाला लेखकाचं नाव विचारू शकतं. सरकारी नोकरीत असणाऱ्याला वर्तणुकीचे नियम टोपणनावाआडूनही लागू राहतात. परवानगी लागत असेल तर ती आधीच घ्यावी.

शेवटी वारसांचा भाग, जो बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात पुस्तकाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. पण टोपणनावाचा खरा लेखक कोण हे प्रकट झालेलं नसेल, तर ती 60 वर्षं पुस्तक पहिल्यांदा प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. समजा, एखाद्या तिशीतल्या लेखिकेचं पुस्तक 2026 मध्ये आलं आणि ती 2080 मध्ये वारली. नाव बंदच राहिलं, तर हक्क 2086 च्या डिसेंबरअखेर संपेल. ती मुदत संपण्याआधी ओळख उघड झाली, तर हक्क 2140 अखेरपर्यंत चालेल. उघड करायचं तर लेखक आणि प्रकाशक दोघांनी जाहीरपणे करावं लागतं, नाहीतर लेखकपण रीतसर सिद्ध करून द्यावं लागतं. तोवर हक्कभंगाविरुद्ध प्रकाशकच मालक म्हणून दावा लावू शकतो. म्हणून कराराची मूळ प्रत, मानधनाच्या पावत्या आणि पहिला हस्ताक्षरातला खर्डा एका पाकिटात घालून बंद करावा. त्या पाकिटाचा उल्लेख मृत्युपत्रात असावा, आणि आपल्यामागे नाव उघडायचं की नाही, याचा निर्णयही तिथेच लिहून ठेवावा.